देणगीची पावती आणि प्राप्तिकरातील वजावट

दिंडोरीसारख्या तालुक्यात शाळेची नवी खोली, वसतिगृह, ग्रंथालय किंवा दवाखान्याचे यंत्र यांसाठी लोकवर्गणी गोळा करण्याची प्रथा जुनी आहे. या कामांत शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य पुढाकार घेतात, आणि वर्गणी मागताना "या देणगीवर करात सूट मिळते" असे देणगीदारांना सांगण्यात येते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. प्राप्तिकर अधिनियम, 1961 च्या कलम 80-जी खाली मिळणारी वजावट कोणाला मिळते, किती मिळते आणि कोणत्या कागदावर मिळते, याची नेमकी माहिती देणगी देणाऱ्यास व घेणाऱ्यास असणे आवश्यक आहे. पुढील विवेचन आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये, म्हणजे 31 मार्च 2026 पर्यंत दिलेल्या देणग्यांना धरून केले आहे.

पहिला प्रश्न देणगीचा नसून देणगीदाराच्या उत्पन्नाचा आहे. आर्थिक वर्ष 2023-24 पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली झाली असून तिच्यात कलम 80-जी ची वजावट मिळत नाही. ही वजावट केवळ जुनी प्रणाली निवडणाऱ्यासच मिळते. नव्या प्रणालीत 2025-26 या वर्षी पगारदार व्यक्तीस 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, आणि त्यानंतरचे उत्पन्न 12 लाख रुपयांपर्यंत असल्यास करसवलतीमुळे नेहमीच्या दराने लागणारा कर शून्य होतो. म्हणजे ज्या शिक्षकाचे वार्षिक वेतन 12 लाख 75 हजारांच्या आत आहे व ज्यास अन्य उत्पन्न नाही, त्यास देय करच नाही. मग पावती दाखवून कमी काय करावयाचे? जुन्या प्रणालीत जाऊन वजावट मागितली, तर उलट कर भरावा लागण्याचाच संभव अधिक.

द्राक्ष बागायतदारांची गोष्टही याहून फारशी वेगळी नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे केवळ बागेवर ज्याचा प्रपंच चालतो, त्या सदस्यास देणगीच्या पावतीचा करापुरता उपयोग नाही. बागेसोबत खते-औषधांचे दुकान असेल, तर दुकानाच्या उत्पन्नापुरताच विचार होतो व मर्यादाही त्याच उत्पन्नावर मोजली जाते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याने जुनी प्रणाली निवडावयाची झाल्यास विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी नमुना 10-आयईए स्वतंत्रपणे दाखल करावा लागतो. तो एकदा नव्या प्रणालीत परतला की व्यवसाय चालू असेपर्यंत जुन्या प्रणालीची वाट त्यास पुन्हा मोकळी होत नाही. पगारदारास मात्र दर वर्षी निवड करता येते. अट एवढीच की विवरणपत्र मुदतीत गेले पाहिजे.

मर्यादा कशी मोजावी

देणग्यांचे ढोबळ दोन वर्ग लक्षात ठेवावेत. मुख्यमंत्री साहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधी, राष्ट्रीय संरक्षण निधी यांस दिलेली रक्कम पूर्णपणे व कोणत्याही मर्यादेविना वजा होते. मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेस दिलेल्या रकमेचा मात्र निम्मा भागच वजा होतो, आणि तोही मर्यादेच्या आत. ही मर्यादा म्हणजे समायोजित एकूण उत्पन्नाचा दहावा हिस्सा होय. समायोजित उत्पन्न काढताना एकूण ढोबळ उत्पन्नातून विमा, भविष्यनिर्वाह निधी, आरोग्यविमा इत्यादींच्या इतर वजावटी आधी कमी कराव्या लागतात. दीर्घकालीन भांडवली नफा असल्यास तोही वगळावा लागतो. अनेक जण वेतनाच्या पूर्ण आकड्यावर दहा टक्के काढतात आणि तेथेच हिशेब चुकतो.

उदाहरणादाखल तालुक्यातील एखाद्या माध्यमिक विद्यालयाचे, जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील मुख्याध्यापक घेऊ. त्यांचे वार्षिक वेतन 14,00,000 रुपये आहे. जुन्या प्रणालीत 50,000 रुपयांची प्रमाणित वजावट, 2,500 रुपये व्यवसायकर आणि राहत्या घराच्या कर्जावरील 2,00,000 रुपये व्याज वजा जाता ढोबळ उत्पन्न 11,47,500 रुपये उरते. भविष्यनिर्वाह निधी व विमा मिळून 1,50,000, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत स्वेच्छेने भरलेले 50,000 आणि स्वतःच्या कुटुंबाचा व ज्येष्ठ आईवडिलांचा आरोग्यविमा 75,000, अशा इतर वजावटी 2,75,000 रुपयांच्या आहेत. त्या कमी करता 8,72,500 रुपये राहतात. त्यांचा दहावा हिस्सा, म्हणजे 87,250 रुपये, ही मर्यादा झाली.

मुख्याध्यापकांनी एका मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेच्या इमारतीसाठी धनादेशाने 1,00,000 रुपये दिले, आणि वेतनातून मुख्यमंत्री साहाय्यता निधीस 3,875 रुपये कापून दिले. लाख रुपयांपैकी 87,250 रुपयेच विचारात येतात व त्यांचा निम्मा भाग 43,625 रुपये वजा होतो. मर्यादेबाहेर राहिलेले 12,750 रुपये पुढील वर्षी नेता येत नाहीत. साहाय्यता निधीचे 3,875 रुपये पूर्ण मिळवता एकूण वजावट 47,500 रुपये होते. करपात्र उत्पन्न 8,25,000 रुपये, आणि उपकरासह कर 80,600 रुपये.

देणगी नसती तर जुन्या प्रणालीत कर 90,480 रुपये झाला असता. यावरून देणगीमुळे 9,880 रुपये वाचले असे वाटते. परंतु नव्या प्रणालीत याच मुख्याध्यापकांचा कर, देणगी असो वा नसो, 81,900 रुपयेच आहे. देणगी नसती तर त्यांनी साहजिकच नवी प्रणाली पत्करली असती. तेव्हा लाखाहून अधिक रकमेच्या देणगीने त्यांचा खरा लाभ अवघा 1,300 रुपयांचा झाला. वर्गणी मागताना "निम्मी रक्कम करातून परत मिळते" असे जे सांगितले जाते, ते किती फसवे आहे हे यावरून दिसून येईल. वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे.

पावती आणि प्रमाणपत्र

पूर्वी संस्थेची छापील पावती जवळ असली की काम भागत असे. आर्थिक वर्ष 2021-22 पासून स्थिती बदलली आहे. मान्यताप्राप्त संस्थेने वर्षभरातील देणग्यांचे विवरण नमुना 10बीडी मध्ये पुढील 31 मे पर्यंत प्राप्तिकर खात्यास सादर करावयाचे असते, आणि त्यातून निघणारे नमुना 10बीई चे प्रमाणपत्र त्याच मुदतीत देणगीदारास द्यावयाचे असते. खाते आता वजावट पाहते ती या विवरणावरून. संस्थेने देणगीदाराचे नाव कळविलेच नाही, किंवा पॅनचे एखादे अक्षर चुकविले, तर पावती खरी असूनही दावा जुळत नाही व विवरणपत्राच्या प्रक्रियेत वजावट नामंजूर होऊ शकते. वरील मुख्याध्यापकांच्या बाबतीत असे घडल्यास सुमारे 9,000 रुपये अधिक कर आणि वर व्याज भरावे लागेल. मुदत टळल्यामुळे नव्या प्रणालीत परतण्याची सोयही राहणार नाही.

म्हणून देणगी देतानाच पावतीवर आपला पॅन लिहून घ्यावा, आणि मे महिनाअखेर प्रमाणपत्र मागावे. त्यावरील नाव, पॅन, रक्कम, आर्थिक वर्ष व देणगी कोणत्या मार्गाने दिली ही नोंद पडताळून पाहावी. चूक आढळल्यास ती देणगीदारास स्वतः दुरुस्त करता येत नाही. संस्थेनेच सुधारित विवरण दाखल करावयाचे असते. विवरण वेळेवर न देणाऱ्या संस्थेस दररोज 200 रुपये शुल्क पडते, ही गोष्ट संस्थाचालकांच्या कानावर घालण्यास हरकत नाही.

वेतनातून कापलेल्या साहाय्यता निधीच्या वर्गणीस ही विवरणाची पद्धत लागू नाही. तेथे प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावे स्वतंत्र पावती येत नसल्यामुळे वेतन काढणाऱ्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र ग्राह्य मानण्यात येते.

संस्था खरोखर मान्यताप्राप्त आहे काय, हे कसे ओळखावे? धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी हा त्याचा पुरावा नव्हे. ती नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली प्रत्येक न्यासास करावीच लागते. संस्थेचे स्वतःचे उत्पन्न करमुक्त ठरविणारी प्राप्तिकर खात्याची नोंदणीही वेगळी. देणगीदाराच्या उपयोगाची मान्यता कलम 80-जी चीच. सन 2021 मध्ये सर्व जुन्या संस्थांना नव्याने अर्ज करावा लागला व त्यांना विशिष्ट नोंदणी क्रमांक मिळाले. या क्रमांकाच्या आरंभी संस्थेचा दहा अक्षरी पॅन असतो. काही पावतीपुस्तकांवर अजूनही आयुक्तांच्या जुन्या पत्राचा क्रमांक छापलेला आढळतो. तसे दिसल्यास चौकशी केल्यावाचून रक्कम देऊ नये.

रोख रकमेबाबत नियम कडक आहे. एका देणगीत 2,000 रुपयांहून अधिक रोख दिल्यास त्यावर वजावट मुळीच मिळत नाही. पहिले 2,000 रुपयेही नाहीत. वस्तुरूप देणगीची अवस्था तीच. गावोगाव जिल्हा परिषद शाळांना बाके, संगणक, पंखे भेट देण्यात येतात. ही भेट कितीही मोलाची असली तरी कलम 80-जी खाली तिची गणना होत नाही. तीच रक्कम धर्मादाय कामासाठी जिल्हा परिषदेस वा ग्रामपंचायतीस धनादेशाने दिली आणि तिची अधिकृत पावती घेतली, तर स्थानिक प्राधिकरणास दिलेली देणगी म्हणून ती मर्यादेच्या आत निम्मी वजा होऊ शकते. मुख्याध्यापकांनी शाळेच्या कागदावर लिहून दिलेले आभारपत्र म्हणजे पावती नव्हे.

देवस्थानच्या हुंडीत टाकलेल्या रकमेस देणाऱ्याचे नावच नसते, तेव्हा वजावटीचा प्रश्न उद्भवत नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानास मिळालेल्या निनावी दानाविषयी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये संस्थानाच्या बाजूने निर्णय दिला; परंतु तो वाद संस्थानाने कर भरावा की नाही याचा होता, भक्तांच्या वजावटीचा नव्हे. मंदिरास पावती घेऊन दिलेल्या देणगीलाही, त्या न्यासास कलम 80-जी ची मान्यता असेल अथवा त्या वास्तूच्या जीर्णोद्धारासाठी केंद्र शासनाची अधिसूचना निघालेली असेल, तरच ही सवलत लागू होते.

1 एप्रिल 2026 पासून दिलेल्या देणग्यांना प्राप्तिकर अधिनियम, 2025 लागू असून या वजावटीची तरतूद त्यातील कलम 133 मध्ये आहे. सन 2021 मध्ये पाच वर्षांसाठी दिलेल्या मान्यतांची मुदतही 31 मार्च 2026 रोजीच संपते. त्यामुळे या तारखेनंतर देणगी देताना जुन्या प्रमाणपत्राची प्रत न पाहता नूतनीकरणाचा आदेश दाखविण्यास सांगावे, आणि त्यावरील मुदत आपल्या देणगीच्या तारखेस पुरते की नाही ते वाचून घ्यावे.