भुयारातले पत्ते

1965च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या पिढीशी गप्पा मारताना मी एक प्रश्न हमखास विचारतो: जानेवारीतलं कार्ड आठवतं का? त्या काळी नागरिक नसलेल्या प्रत्येकाला दर जानेवारीत सरकारला आपला पत्ता कळवावा लागे. कार्ड पोस्टात मिळे. 1981च्या दुरुस्तीने ही वार्षिक हजेरी बंद झाली. मात्र 1952च्या कायद्यातलं दुसरं कलम तसंच राहिलं: घर बदललं की 10 दिवसांत कळवा. त्यासाठीचा फॉर्म म्हणजे AR-11. ग्रीन कार्डवाल्यांनाही तो लागू आहे, सूट जवळपास फक्त राजनैतिक व्हिसावाल्यांना.

न कळवल्यास 200 डॉलर दंड किंवा 30 दिवस कैद, किंवा दोन्ही, असं कलमात लिहिलं आहे. दंडाच्या नंतरच्या सर्वसाधारण कायद्यामुळे ती रक्कम आता 5,000 डॉलरपर्यंत जाऊ शकते. पण खरी धास्ती वेगळीच आहे. याच चुकीवर माणसाला देशाबाहेर काढता येतं. चूक जाणूनबुजून केली नव्हती किंवा तिला रास्त कारण होतं, हे त्यानेच पटवून द्यायचं. अनेक वर्षं हे कलम कुणी फारसं मनावर घेतलं नाही. लोक कळवत नसत, सरकार विचारत नसे.

2002 साली चित्र पालटलं. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अ‍ॅटर्नी जनरल जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या खात्याने या कलमाची कडक अंमलबजावणी जाहीर केली. त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलिनात एका पॅलेस्टिनी गृहस्थाला गाडी मर्यादेपेक्षा जेमतेम चार मैल जास्त वेगाने चालवल्याबद्दल अडवलं गेलं. तो कायदेशीर रहिवासी होता, पण नवा पत्ता कळवलेला नव्हता. तेवढ्यावर त्याच्या हकालपट्टीचा खटला उभा राहिला. त्याने हे जाणूनबुजून केलं नाही, असं इमिग्रेशन न्यायाधीशाने मानलं आणि तो वाचला.

आणि ज्यांनी इमानेइतबारे कळवलं होतं, त्यांच्या फॉर्मांचं काय झालं? त्याच वर्षी वर्तमानपत्रांत आलं, की पत्ताबदलाचे सुमारे 2 लाख फॉर्म कॅन्सस सिटीजवळच्या एका भूमिगत कोठारात खोक्यांत पडून आहेत. कुणी ते संगणकात चढवलेच नव्हते. नोव्हेंबरमध्ये संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाचा अहवाल आला. विश्वासार्ह पत्तेच नसल्याने इमिग्रेशन खात्याला अनेक परदेशी नागरिक सापडत नाहीत, हे त्याच्या शीर्षकातच होतं. हल्ल्यानंतर ज्यांची चौकशी करायची ठरली होती, त्यांतले जवळपास निम्मे खात्याला गाठताच आले नव्हते. गप्प बसलेल्याला शिक्षा, आणि बोललेल्याचा कागद भुयारात! इतका एकतर्फी व्यवहार सावकारही करत नाही.

आता AR-11 ऑनलाइन भरता येतो, तरी घोळ संपलेला नाही. समजा, एच-1बीवरचा एक तरुण जर्सी सिटीतून एडिसनला राहायला गेला. पोस्टाला नवा पत्ता दिला म्हणजे झालं, असं त्याला वाटतं. पोस्ट त्याची पत्रं नव्या घरी पाठवील, पण इमिग्रेशनला कळवल्याचं ते धरलं जात नाही. त्याचा खटला इमिग्रेशन कोर्टात असेल तर तिथे वेगळा फॉर्म, आणि मुदत फक्त पाच कामकाजी दिवसांची. ती चुकली की सुनावणीची नोटीस जुन्या घरी जाते आणि हकालपट्टीचा आदेश त्याच्या गैरहजेरीत निघतो.

कामाची जागा बदलली तर जबाबदारी कंपनीची. जर्सी सिटी आणि एडिसन एकाच महानगर क्षेत्रात येतात, म्हणून तिथे नवा अर्ज सहसा लागत नाही, नव्या जागी जुनी नोटीस लावली की भागतं. डॅलसला पाठवायचं तर मात्र त्याने तिथे काम सुरू करण्याआधीच कंपनीला सुधारित अर्ज दाखल करावा लागतो. 2015च्या सिमियो सोल्युशन्स प्रकरणातल्या निर्णयाने हे पक्कं झालं.

लग्नाच्या बाबतीतलं मौन सगळ्यांत महाग पडतं. ग्रीन कार्डधारक आईने पुण्यातल्या अविवाहित मुलासाठी अर्ज केला आणि रांग सरकायच्या आत त्याचं लग्न झालं, तर तो अर्ज आपोआप रद्द होतो. आई आधी नागरिक झाली असेल तरच तो विवाहित मुलांच्या, बऱ्याचदा अधिक लांब, रांगेत टिकतो. लग्न लपवून ‘अविवाहित’ म्हणून गेलेल्याचं ग्रीन कार्ड पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी, लग्नाचा दाखला समोर आला की, धोक्यात येतं.

म्हणून पत्त्याच्या बाबतीत जाणकार वकील नुसता AR-11 भरायला सांगून थांबत नाहीत. ऑनलाइन भरल्यावर मिळणारी पोच छापून ठेवा, पोस्टाने पाठवलात तर रजिस्टर्डची पावती जपा, असं ते बजावतात. कारण पुढे तुम्ही कळवलं होतं की नाही असा वाद निघालाच, तर सरकारदरबारी तुमचा कागद सापडेलच याची हमी 2002च्या त्या खोक्यांनी कायमची घालवली आहे.