नेमणुकीच्या पत्रातील चूक व तिची दुरुस्ती

मावळातील पुष्कळ मुले शिक्षण संपताच तळेगावच्या कारखान्यांत किंवा लोणावळ्याच्या हॉटेलांत नोकरीस लागतात. नोकरी देऊ केल्याचे पत्र, म्हणजे ऑफर लेटर, हाती येताच घरात पेढे वाटले जातात; पण त्याला जोडलेला वेतनाचा तक्ता कोणी उलगडून पाहत नाही. चूक बहुधा तेथेच असते.

समजा, तळेगाव दाभाडे येथील एका कारखान्यात मुलाखतीच्या वेळी 'कनिष्ठ तंत्रज्ञ' हे पद व दरमहा २४,००० रुपये एकूण वेतन ठरले. पत्रात मात्र पद 'शिकाऊ उमेदवार' असे असून, वार्षिक २,८८,००० रुपये हा 'कंपनीचा एकूण खर्च' म्हणून दाखविला आहे. बारा महिन्यांचा हिशेब बरोबर जुळतो, म्हणून मुलगा निर्धास्त होतो. परंतु तक्त्यात मूळ वेतन १५,००० असून, त्यावर शेकडा १२ प्रमाणे मालकाने भरावयाचे भविष्य निर्वाह निधीचे १,८०० रुपयेही त्याच आकड्यात धरलेले आहेत. म्हणजे वेतन २२,२०० च झाले. आणि कामगाराच्या हिश्शाची कपात याहून निराळी!

पदाची चूक तर याहून गंभीर होय. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली नोंदलेला उमेदवार हा कामगार गणला जात नाही, व त्यास भविष्य निर्वाह निधीही लागू होत नाही. आता ज्या तक्त्यात निधीची रक्कम आहे, त्यातच 'शिकाऊ उमेदवार' हे पद असेल, तर कारकुनाने जुना नमुना तसाच उतरला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. म्हणून पत्रात आरोपाचा सूर नसावा.

अशा वेळी पत्रावर सही करू नये, किंवा आपल्या हाताने खाडाखोडही करू नये. १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे स्वीकृती बिनशर्त असावी लागते. सही झाली की छापलेल्या अटीच मान्य केल्यासारखे होते. सही न करता, स्वीकृतीच्या मुदतीच्या आत, ई-मेलने असे लिहावे:

"महोदय, आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. मुलाखतीत पद 'कनिष्ठ तंत्रज्ञ' व निधीचा मालकाचा हिस्सा वगळून दरमहा एकूण वेतन २४,००० रुपये ठरल्याचे मला स्मरते. पत्रात पद 'शिकाऊ उमेदवार' असून, तक्त्याप्रमाणे वेतन २२,२०० होते. कृपया पडताळून, दुरुस्त पत्र व तक्ता पाठवावा. ते मिळताच सही करून पाठवीन. तोपर्यंत स्वीकृतीची मुदत वाढवावी, ही विनंती."

"रुजू व्हा, मग पाहू," असे फोनवर सांगण्यात आले, तर त्या संभाषणाचा आशय त्याच दिवशी लिहून पाठवावा व लेखी उत्तर मागावे. हाती नोकरी असल्यास, दुरुस्त प्रत येईपर्यंत तिचा राजीनामा देऊ नये. नवी प्रत आल्यावर पहिले पान सुधारलेले, पण तक्ता जुनाच, असा प्रकार होतो. तेव्हा दोन्ही ताडून पाहावीत. नव्या पत्राने आधीचे पत्र रद्द झाल्याचा उल्लेखही मागून घ्यावा.

मात्र "पत्रात लिहिले तेच बरोबर," असे उत्तर आले, तर ती लेखनाची चूक नव्हे. तो निराळाच प्रस्ताव आहे, आणि तो घ्यावा की नाही, हे २२,२०० हाच आकडा धरून घरच्यांनी ठरवावे.