जॉइनिंगची तारीख बदलते तेव्हा

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षं काम केलेली एक मुलगी १ जूनला राजीनामा देते. तिच्या नेमणूकपत्रात नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, पण मॅनेजर तोंडी म्हणतो, "प्रोजेक्ट संपतच आलाय, जुलैच्या मध्यात सोडतो तुला." त्या भरवशावर ती नव्या कंपनीच्या रिक्रूटरला सांगते, "पंधरा जुलैनंतर कधीही जॉइन होऊ शकते." दोन टेक्निकल राउंड होतात. गुरुवारी, १८ जूनला रिक्रूटरचा फोन येतो, "पॅनेलचा फीडबॅक खूप चांगला आहे, आता फक्त मॅनेजर राउंड आणि मग एचआर." आणि सोमवारी, २२ तारखेला, तिचा मॅनेजर सांगतो की क्लायंटनं प्रोजेक्ट वाढवला आहे आणि लवकर सोडणं आता जमणार नाही.

प्रसंग काल्पनिक आहे, पण हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात काम करणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. ९० दिवसांचा नोटीस पिरियड आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत सर्रास असतो, आणि नव्या कंपनीला माणूस हवा असतो महिन्याभरात. या दोन टोकांमधलं अंतर बहुतेक उमेदवार मॅनेजरच्या तोंडी शब्दावर भरून काढतात. तो शब्द फिरला की पहिला विचार मनात येतो तो गप्प बसण्याचा. आधी ऑफर हातात पडू दे, मग सांगू. निवड बहुतेक वेळा हातची जाते ती या विचारामुळे, आणि ते का होतं हे कळायला रिक्रूटरच्या बाजूला काय चाललेलं असतं ते पाहावं लागतं.

"फीडबॅक चांगला आहे" याचा अर्थ पॅनेलनं होकार दिला, एवढाच. ऑफर त्यानंतर तयार होते. रिक्रूटर पगार, हुद्दा आणि जॉइनिंगची तारीख भरून प्रस्ताव वर पाठवतो. त्यावर हायरिंग मॅनेजर, वित्त विभाग आणि काही ठिकाणी त्यांच्याही वरचा अधिकारी सही करतो. जागा क्लायंटच्या कामासाठी असेल तर त्या तारखेपासून माणसाचं बिलिंग धरलेलं असतं. म्हणून जॉइनिंगची तारीख हा या सगळ्या हिशोबाचा पाया असतो. मंजुरीआधी ती बदलली तर रिक्रूटरला फॉर्ममधला एक रकाना बदलावा लागतो. मंजुरीनंतर बदलली तर प्रस्ताव पुन्हा त्याच वाटेनं फिरवावा लागतो, आणि वर "आधी का नाही कळलं?" या प्रश्नाचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. तेवढ्यात यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचा विचार सुरू होतो. असा बॅकअप उमेदवार बहुतेक जागांना ठेवलेलाच असतो.

म्हणून आपल्या उदाहरणातल्या मुलीनं सोमवारी संध्याकाळपर्यंत रिक्रूटरला फोन करायला हवा. मात्र त्याआधी तासाभराचं एक काम आहे: नव्या तारखा नीट काढणं. राजीनाम्याचा दिवस धरून ९० दिवस मोजले तर ते २९ ऑगस्टला संपतात. तो शनिवार आहे, म्हणजे ती सोमवारी, ३१ ऑगस्टला रुजू होऊ शकते. ही तारीख करारातूनच येते, कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. राजीनामा स्वीकारल्याच्या मेलमध्ये किंवा एचआर पोर्टलवर 'लास्ट वर्किंग डे' दिलेला असतो. तो आणि आपली मोजणी जुळते का ते पाहावं, कारण काही कंपन्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. नोटीस पिरियडमध्ये रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे ढकलणाऱ्याही कंपन्या आहेत.

दुसरी तारीख शक्यतेची. नोटीस पिरियडचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवून घेता येतात, याला बायआउट म्हणतात. ३१ जुलैला सुटायचं तर २९ दिवस कमी पडतात. तिचा मूळ पगार, म्हणजे बेसिक, महिना ४८ हजार असेल आणि वसुली बेसिकवर होत असेल, तर साधारण ४६ हजार रुपये भरावे लागतील. वसुली पूर्ण पगारावर असेल तर रक्कम दुपटीच्या वर जाऊ शकते. नेमणूकपत्रातली त्यासंबंधीची ओळ वाचल्याशिवाय आकडा धरू नये. त्याच ओळीत बहुधा असंही लिहिलेलं असतं की बायआउट द्यायचा की नाही हे कंपनी ठरवेल. म्हणजे पैसे तयार असले तरी परवानगी लागतेच. या रकमेवर जीएसटी लागतो का, हा घोळ बरीच वर्षं होता. अप्रत्यक्ष कर मंडळानं ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात तो लागत नाही असं स्पष्ट केलं आहे. अशी रक्कम उचलणाऱ्या नव्या कंपन्याही असतात, पण बहुतेकदा रुजू झाल्यावर, पावती दाखवून, आणि वर्षाच्या आत सोडल्यास परत करण्याच्या अटीवर.

आता फोन. आधी फोन करावा आणि मग मेल, कारण तारखेचा बदल नुसत्या मेलमध्ये वाचला की उमेदवार मागे हटतोय अशी शंका येते. आवाजातून ती दूर होते. फोनवर दोन मिनिटांत एवढंच बोलायचं: "मॅडम, आज मला माझ्या मॅनेजरकडून कळलं की लवकर रिलीज मिळणार नाही. तुमच्या पदासाठी मी पूर्वीइतकीच उत्सुक आहे. फक्त तारीख बदलतेय, म्हणून लगेच कळवतेय." जुन्या मॅनेजरची तक्रार करायची नाही, प्रोजेक्टचं रामायण सांगायचं नाही. मग एक प्रश्न जरूर विचारायचा: "ही जागा कुठल्या तारखेपर्यंत थांबू शकते?" हा प्रश्न विचारायला लोक बिचकतात, पण पुढच्या चार दिवसांत काय करायचं ते त्याच्या उत्तरावरच ठरतं. कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनावरची जागा असेल तर ऑगस्टअखेरपर्यंत थांबायची तयारी असू शकते. क्लायंटचं काम १ ऑगस्टला सुरू होणार असेल तर नसते. ते लगेच कळलं, तर बायआउटसाठी जोर लावायचा का, हे ठरवता येतं.

मेल लिहिताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: तो रिक्रूटर स्वतःसाठी ठेवणार नाही, हायरिंग मॅनेजरला पुढे पाठवणार आहे. म्हणून तो तसाच पुढे पाठवता येईल असा हवा. आपल्याकडे हे मेल इंग्रजीतच जातात, पण मजकूर असा:

"आपल्या फोननुसार बदल कळवत आहे. मी १५ जुलैनंतरची तारीख दिली होती, ती मॅनेजरनं तोंडी दिलेल्या आश्वासनावर होती. आता लवकर रिलीज मिळणार नाही असं कळलं आहे. माझी निश्चित तारीख: लास्ट वर्किंग डे २९ ऑगस्ट, जॉइनिंग ३१ ऑगस्ट. बायआउटसाठी आज अर्ज केला आहे. तो मंजूर झाल्यास ३ ऑगस्टला रुजू होऊ शकेन. त्याचा निर्णय काय झाला ते शुक्रवार, २६ जूनपर्यंत कळवीन. मॅनेजर राउंडसाठी या आठवड्यात सकाळी दहाच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर कधीही उपलब्ध आहे. पद, पगार आणि ठिकाण याबद्दलची माझी भूमिका तीच आहे."

यात निश्चित काय आणि शक्य काय, हे वेगळं केलेलं आहे. पहिल्या वेळी गडबड झाली ती शक्यतेला निश्चित म्हटल्यामुळे. तीच चूक दुसऱ्यांदा झाली तर त्या उमेदवाराच्या कुठल्याच तारखेवर विश्वास राहत नाही. "लवकरात लवकर येते", "प्रयत्न करते" असे शब्द नकोत, कारण ते ऑफरच्या फॉर्ममध्ये भरता येत नाहीत. पुढच्या राउंडच्या वेळा मात्र हव्यात. त्यामुळे प्रक्रिया थांबवायची गरज नाही हे न सांगता कळतं, आणि मॅनेजर राउंड ठरल्या दिवशी झाला की पुढची बोलणी कुठे अडत नाहीत. शुक्रवारी निर्णय आला नाही, तरी शुक्रवारी मेल गेला पाहिजे: "अजून उत्तर आलेलं नाही, मंगळवारी पुन्हा कळवते, तोवर ३१ ऑगस्टच धरावी."

रिक्रूटर कंपनीचा नसून कन्सल्टन्सीचा असेल तर गोष्ट थोडी अवघड होते. कन्सल्टन्सीला तिचे पैसे वार्षिक पगाराच्या टक्केवारीत मिळतात, आणि तेही उमेदवार रुजू झाल्यावर. त्यामुळे "आत्ता काही बोलू नका, ऑफर येऊ द्या, मग बघू" असा सल्ला तिथून मिळू शकतो. माझ्या मते तो मानू नये. खोट्या तारखेवर ऑफर सही केली तर त्या तारखेला हजर न राहिल्याचा दोष उमेदवाराच्याच नावावर लागतो, आणि बहुतेक ऑफर लेटरांत त्या दिवशी रुजू न झाल्यास ऑफर आपोआप रद्द होईल अशी ओळ असते. मग घाबरून जुनी नोकरी अर्ध्यात टाकली जाते, रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, आणि पार्श्वभूमी तपासणीत ते उघड होतं. प्रॉव्हिडंट फंडाच्या नोंदीत जुन्या नोकरीतून बाहेर पडल्याची आणि नव्या नोकरीत आल्याची तारीख दोन्ही दिसतात, तेव्हा एकमेकांवर चढलेले महिने लपत नाहीत. कन्सल्टन्सीला मेल पाठवावा आणि "हा कंपनीपर्यंत गेला का?" असं विचारावं. मुलाखतीचं निमंत्रण ज्या कंपनीच्या पत्त्यावरून आलं होतं त्यांनाही तो प्रतीत ठेवला तर गैर काही नाही. शिवाय उमेदवारी अर्जात आणि नोकरीच्या संकेतस्थळावरच्या प्रोफाइलमध्येही तारीख बदलावी. ऑफरचा मसुदा कधीकधी थेट अर्जातल्या रकान्यावरून तयार होतो, आणि तिथे जुनी तारीख राहिली की फोन आणि मेल दोन्ही वाया जातात.

जागा टिकली की नाही हे पुढच्या तीन-चार दिवसांत कळतं. मॅनेजर राउंडचं निमंत्रण आलं, मागच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका किंवा राजीनामा स्वीकारल्याचा मेल मागितला, बायआउटची रक्कम किती असं विचारलं, तर प्रस्ताव पुढे सरकतो आहे. "कळवतो" असं म्हणून शांतता पसरली आणि ठरलेला राउंड कारण न देता पुढे गेला, तर बहुधा बॅकअपशी बोलणी सुरू आहेत. अशा वेळी रोज फोन करू नये. आठवड्यानं एक मेल करून सरळ विचारावं.

कधीकधी जागा खरंच थांबू शकत नाही. १ ऑगस्टला माणूस हवा असेल, बायआउट नामंजूर झाला असेल, तर कितीही नीट कळवलं तरी ती दुसऱ्याला जाते. तेव्हा रिक्रूटरकडे एक गोष्ट मागून घ्यावी: नोंद कशी केली जाते आहे. बऱ्याच कंपन्यांत मुलाखतीत नापास झालेल्याला काही महिने, अनेक ठिकाणी सहा, पुन्हा अर्ज करता येत नाही. दोन्ही टेक्निकल राउंड पार केलेल्या उमेदवाराची नोंद "नाकारला" अशी पडली तर तो विनाकारण त्या यादीत जातो. "पॅनेलनं निवडलं, जॉइनिंगची तारीख जुळली नाही" अशी नोंद झाली तर ऑगस्टमध्ये त्याच टीमला दुसरी जागा निघाल्यावर रिक्रूटर टेक्निकल राउंड न घेता थेट मॅनेजरकडे नाव पाठवू शकतो. ही विनंती मेलवरच करावी, आणि त्यात २९ ऑगस्ट ही तारीख पुन्हा लिहावी.