तुटलेले अक्षर आणि पहिली पाच मिनिटे

जेवणाच्या सुटीनंतरची तासिका हा आश्रमशाळेतील शिक्षकाचा खरा कस असतो. मुले पहाटेपासून जागी असतात, पोट भरलेले असते आणि वर्गात पाऊल टाकतानाही मैदानावरचा खेळ त्यांच्या अंगात चालूच असतो. अशा वर्गाला 'शांत बसा' म्हटल्याने शांतता येते, लक्ष येत नाही. लक्ष येण्यासाठी मुलांपुढे काहीतरी अपुरे ठेवावे लागते. कारण अपुरे दिसले की ते पुरे करावे असे मनाला आपोआप वाटते. सहाव्या इयत्तेत सम्राट अशोकाचा पाठ शिकवताना आम्ही योजत असलेली एक सुरुवात येथे मांडतो.

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे गाव आहे. तेथील एका शिलेवर ब्राह्मी लिपीतील अतिशय झिजलेला प्राचीन लेख आहे. प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा त्यात असल्याचे वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले आणि लेख अशोकाच्या काळाशी जोडला. त्याच शिलेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळातील दुसरा लेख कोरला गेला.

घंटा होण्यापूर्वी आम्ही फळ्यावर एवढेच लिहून ठेवतो : 'आज्ञा अशी की ______ पकडू नयेत, ______ नयेत.' पाठाचे नाव लिहीत नाही, अशोकाचा उच्चारही करीत नाही. पहिले मिनिट सर्वांनी मुकाट्याने वाचायचे. पुढची दोन मिनिटे शेजारच्याशी बोलून रिकाम्या जागा भरायच्या. चौथ्या मिनिटाला चार-पाच जोड्यांची उत्तरे आम्ही जशीच्या तशी फळ्यावर लिहितो. कोणी 'हरणे' म्हणतो, कोणी 'मासे', तर कोणी 'मोर'. मुलाने गोंडी किंवा माडियात शब्द सांगितला, तर तो आधी फळ्यावर येतो आणि मग त्याचा मराठी अर्थ वर्गालाच विचारला जातो. पाचव्या मिनिटाला दोन प्रश्न : ही आज्ञा कोणी दिली असेल? आणि कोणाला?

येथे शिलेची हकिकत सांगून पाठ सुरू होतो. फळ्यावरचे वाक्य आमचे आहे, शिलेवरचा केवळ आशय घेतलेला आहे, हेही मुलांना स्पष्ट सांगावे. नाहीतर इतिहास म्हणजे शिक्षकाची रचना, असा समज होईल.

रिकाम्या जागा किती ठेवाव्यात, हीच यातील मेख आहे. अर्ध्या मिनिटात सारा वर्ग एका सुरात उत्तर देऊ लागला, तर आपण फारच उघडे ठेवले असे समजावे. दोन मिनिटे होत आली तरी जोड्या एकमेकांकडे न पाहता आपल्याकडेच पाहत राहिल्या, तर फार झाकले गेले. मग एक शब्द भरून द्यावा. पाच मिनिटांची दहा होऊ लागली, तर ती सुरुवात राहत नाही, वेगळाच खेळ होतो. सर्वांत मोठी कसोटी शेवटी असते : तास संपताना मुलांना सुरुवातीचा प्रश्न आठवतो, पण त्याचा अशोकाशी संबंध सांगता येत नसेल, तर ती युक्ती केवळ करमणूक ठरली.

या भागात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. वर्गातील काही मुलांच्या घरी शिकार आणि मासेमारी ही पोटाची गोष्ट आहे. आज्ञा वाचून कोणी त्यांच्याकडे बोट दाखवले, तर ती मुले उरलेला तास मान खाली घालून बसतील. म्हणून आम्ही चर्चा राजाच्या मुदपाकखान्याकडे वळवतो. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात तो स्वतःच सांगतो, की पूर्वी आपल्या स्वयंपाकघरासाठी पुष्कळ प्राणी मारले जात. आता केवळ दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. राजाने आज्ञा आधी स्वतःच्या ताटाला लावली, हे मुलांच्या चटकन ध्यानात येते. त्यावर एखादे मूल हमखास विचारते : राजाकडे धान्याची कोठारे होती, रानातल्या माणसाने काय खायचे? तेराव्या शिलालेखात अशोक अटवीतील, म्हणजे अरण्यातील लोकांना उद्देशून क्षमेबरोबरच आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून देतो. तो भाग या प्रश्नाच्या शेजारी ठेवला, की राजाज्ञा आणि रानातले जीवन यांतील ताण मुलांना स्वतःच्या प्रश्नातून दिसतो.

इतर पाठांसाठीही हीच रीत चालते, मात्र तुटलेली जागा त्या पाठाच्या मर्मावरच असावी लागते. सनावळीतील एखादे साल झाकले, तर मुले अंदाजाने आकडे फेकतात आणि विचार होत नाही. आज्ञा कोणाची, कर कोणी भरायचा, जमीन कोणाला दिली, असा कर्ता किंवा कर्म झाकले, की उत्तर देण्यासाठी मुलाला त्या काळातील माणसांचा विचार करावाच लागतो. इतिहासाचा तास तेथूनच सुरू होतो.