सूचना पुसली, निरोप राहिला

बँकेच्या अ‍ॅपची सूचना बोटाने सरकवली की ती फोनच्या पडद्यावरून जाते. अ‍ॅपमध्ये सूचनापेटी असेल तर घंटेच्या चिन्हामागे तोच निरोप सापडतो, कारण तो आधी सर्व्हरवर नोंदवलेला असतो. फोनवर वाजते ती नुसती वर्दी, आणि तिचा भरवसा नसतो: गूगलची संदेशसेवा बंद फोनसाठी ती जास्तीत जास्त ४ आठवडे राखते.

खरी कसोटी ‘वाचले’च्या नोंदीची.

समजा, १० वाजता नेट नसताना फोनवर ‘सगळे वाचले’ दाबले आणि १०.०५ला सर्व्हरवर नवा निरोप आला. नेट परतल्यावर फोनने नुसता हुकूम धाडला तर न पाहिलेला निरोपही वाचलेला ठरतो. टॅबवरचा लाल आकडाही शून्य होतो. म्हणून हुकमासोबत फोनवर दिसलेल्या शेवटच्या निरोपाचा क्रमांक जायला हवा. त्यापुढचे निरोप मग न वाचलेलेच राहतात.