वेबिनारची मर्यादा: नोंदणी किती, जागा किती

समजा, शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकांसाठी गुणवत्ता तपासणीवर वेबिनार घ्यायचाय. झूमचा 500 जणांचा प्लॅन घेतला आणि 620 जणांनी नावं नोंदवली. चालेल का?

हे 500 म्हणजे एकाच वेळी आत असलेले श्रोते. नोंदणीला ही मर्यादा आपोआप लागत नाही; फॉर्म भरून घेणं सुरूच राहतं. ऐच्छिक, फुकट व्याख्यानाला नोंदवलेल्यांपैकी निम्मे आले, तर 310 होतात आणि जागा उरते. पण इथं हजेरी सक्तीची असेल आणि 90 टक्के आले, तर 558 होतील. म्हणजे 58 जण बाहेर अडकतील आणि त्यांच्या हातात रीतसर पुष्टीचा मेल असेल! आतला एखादा बाहेर पडला, तरच जागा मोकळी होते. कॅन्टीनमधल्या एका पडद्यावर वीस जणांनी पाहिलं, तर मात्र एकच जागा लागते.

म्हणून नोंदणीच्या सेटिंगमध्ये संख्येला कमाल मर्यादा घालावी, किंवा यूट्यूबवर थेट प्रक्षेपण जोडावं.

ज्यांचं हुकलं त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग असतं. ते क्लाउडवर साठवायला सशुल्क प्लॅन लागतो आणि साठ्याची जागाही मोजकीच मिळते. रेकॉर्डिंग नंतर पाहणारे थेट श्रोत्यांच्या मर्यादेत मोजले जात नाहीत. प्लॅन घेताना नोंदणीच्या आकड्यापेक्षा अपेक्षित हजेरीचा हिशेब आधी मांडा.