पैसे मिळाले, पण किती?

आभाराच्या पत्रात बँकेत आलेला आकडा वजा करून बाकी काढली, की हमखास चूक होते. कारण टीडीएस विसरला जातो. समजा, सल्ल्याचे बिल ६०,००० रुपये, १८ टक्के जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. खात्यात आले ४४,८००. बाकी २६,००० दिसते, पण ग्राहकाने मूळ रकमेवर १० टक्के, म्हणजे ६,००० टीडीएस कापला असेल, तर खरी बाकी २०,०००च. म्हणून असे लिहावे:

“बिल क्र. १४ पोटी ४४,८०० रुपये मिळाले, मनःपूर्वक आभार. आपण कापलेला टीडीएस ६,००० धरून ५०,८०० जमा केले आहेत. बाकी २०,००० रुपये ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीस द्यावेत.”

कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा झाली का, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर नंतर जरूर तपासावे.